गाड्याच्या जाहिरातीचा व्हिडिओ फोनवरच्या क्लिपांतून: दर वाचता यावेत असे कसे टाकायचे?

स्वाती_मिरज
नमस्कार मंडळी. माझा दादा आणि वहिनी मिरजेत संध्याकाळचा गाडा लावतात. कटवडा, झुणका-भाकर, मुगभजी, शिवाय चहा आणि इतर सात प्रकार. त्यांच्यासाठी साधारण अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला आणि इन्स्टाच्या रीलला चालेल असा. फोनवर क्लिपा भरपूर घेतल्यात: वडा तळताना, कट ओतताना, वहिनी भाकरी थापताना.

अडचणी तीन आहेत. गाड्यावरच्या एलईडीखाली घेतलेल्या क्लिपांत काळपट पट्टे वरून खाली सरकताना दिसतात. पांढऱ्या अक्षरांत टाकलेला दर ताटलीवर आला की वाचताच येत नाही. आणि दादाचं म्हणणं, अकराच्या अकरा पदार्थांचे दर व्हिडिओत आलेच पाहिजेत. कुणी गाड्यासाठी किंवा खानावळीसाठी असं काही केलंय का?

दिगंबर_सातारा
पट्टे येतात ते स्वस्त फोनमुळे. फोर-के वर चित्रीकरण करा, पट्टे जातील. दरही त्यामुळे स्पष्ट दिसेल.

चिन्मय_डोंबिवली
अकरा पदार्थ अर्ध्या मिनिटात म्हणजे प्रेक्षकाचा घास घशातच अडकणार. :)

अवधूत_एडिट
दिगंबरराव, फोर-के केल्याने पट्टेसुद्धा फोर-के होतील. फोन कितीही महाग असला तरी ते येतातच, कारण ते फोनचे नसून दिव्याचे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साधा एलईडी किंवा ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. फोन मात्र चित्राच्या ओळी वरून खाली एकामागून एक टिपतो, म्हणून काही ओळी उजेडात येतात आणि काही मंद उजेडात. तेच पट्टे.

उपाय शटरमध्ये आहे. एका फ्रेमला मिळणारा उजेडाचा वेळ १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला की प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण उघडझाप मिळते आणि पट्टे जातात. स्वातीताई, तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो व्हिडिओ' नावाचा प्रकार असेल तर तिथे शटर हाताने लावता येतं. १/५० लावा. फार उजळ आलं तर आयएसओ कमी करा, शटरला हात लावू नका.

आणि लग्नातल्या व्हिडिओंच्या नादाने तेलाचे बुडबुडे स्लो मोशनमध्ये घेत असाल तर ते दिवसाउजेडीच घ्या. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एका फ्रेमला १/२४० सेकंदापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही, म्हणून साध्या एलईडीखाली ती क्लिप लुकलुकणारच. नंतर एडिटिंगमध्ये ते काढत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

संदीप_न्यूजर्सी
मी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत खाद्य-स्टॉलचे व्हिडिओ करतो. शटर १/६० ठेवतो, कधी पट्टा आला नाही. १/५० ला उलट पट्टे येतात. त्यामुळे अवधूत यांचा आकडा तपासून घ्या.

अवधूत_एडिट
संदीप, तुमच्याकडची वीज ६० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १२० वेळा उजळतो. म्हणून तिथे १/६० किंवा १/१२० बरोबर बसतं. मिरजेत १/६० लावलं की पट्टे येणार. तिकडून आणलेला फोन वापरत असाल तर सेटिंगमध्ये ५०/६० चा पर्याय आहे का, तेही पाहा. काही अ‍ॅपांत तो असतो.

संदीप_न्यूजर्सी
अच्छा, फरक विजेचा आहे तर. मेव्हण्याला इथून फोन पाठवलाय, त्याची हीच तक्रार होती. कळवतो त्याला.

खानावळवाल्या_काकू
स्वाती, गाड्यावर दिवा लाइटीवर चालतो की बॅटरीवर? आमच्या इथे बहुतेक गाडे बॅटरीच्या पट्टीवर चालतात. माझ्या भाच्याने १/५० लावूनही पट्टे आले होते.

अवधूत_एडिट
काकूंनी नेमकं विचारलं. बॅटरीच्या दिव्याला ५० हर्ट्झचा हिशोब लागू होत नाही. त्याची उघडझाप त्याच्या आतल्या सर्किटवर ठरते, आणि मंद करता येणारे दिवे तर बरेचदा लुकलुकतात. तिथे आकडा पाठ करून उपयोग नाही. फोन दिव्याखालच्या पांढऱ्या ताटावर धरायचा आणि पडद्यावर पाहत शटर हळूहळू बदलायचं. पट्टा थांबला किंवा विरला की तो आकडा तुमचा. दिवा मंद करायची सोय असेल तर पूर्ण उजेडावर ठेवा.

स्वाती_मिरज
दिवा बॅटरीवरचाच आहे, शेजारच्या दुकानाची ट्यूबही गाड्यावर पडते. म्हणजे दोन्ही मिसळ.

प्राजक्ता_सांगली
मग अंधार पडायच्या आतच का घेत नाही? तयार ताटल्यांच्या क्लिपा गाडा मांडल्या मांडल्या, ऊन उतरल्यावरच्या सावलीत घ्यायच्या. माझ्या बहिणीच्या केकच्या व्हिडिओत आम्ही असंच करतो. आणखी एक फायदा आहे. दिव्याखाली फोन पांढऱ्याचा रंग आपल्या मनाने बदलत राहतो, मग एका क्लिपमध्ये कट लालभडक आणि दुसऱ्यात गाजराच्या हलव्यासारखा. एकाच उजेडात घेतल्यावर तर्रीचा रंग सगळीकडे सारखा येतो.

विश्वास_लेले
अकरा पदार्थांचे दर लिहायचे असतील तर खडूचा फळा सर्वांत उत्तम. रोज पुसून नवे लिहिता येतात. आमच्या तरुणपणी सगळ्या हॉटेलांत फळे असत. व्हिडिओचा खर्च कशाला?

स्वाती_मिरज
काका, फळा गाड्यावर आहेच. :) हा व्हिडिओ गाड्यापर्यंत न पोचलेल्यांसाठी आहे. पण तुमच्यामुळे सुचलं, शेवटी फळ्याचीच क्लिप टाकली तर अकराही दर येतील ना?

अवधूत_एडिट
येतील, पण कुणी वाचणार नाही. फोनच्या उभ्या पडद्यावर अकरा ओळी म्हणजे प्रत्येक ओळ बारीक. लेले काकांचा फळा गाड्यावर काम करतो, कारण गिऱ्हाईक तिथे उभं राहून वाचतं. व्हिडिओत ते तीन सेकंदांत पुढे सरकतं. दादांना सांगा, तीन पदार्थ पुरेत, गाड्याची ओळख ज्यांच्यावर आहे ते. बाकीच्यांची यादी व्हिडिओखालच्या मजकुरात लिहा.

मी तुमच्या वर्णनावरून हिशोब मांडून बघितला. पहिले तीन सेकंद नुसता वडा तेलात सोडतानाचा आवाज आणि चित्र, अक्षर एकही नाही. ३ ते ७ कट ओतताना, ७ ते १० कटवड्याची तयार ताटली आणि तिच्यावर नाव व दर. १० ते १४ भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकली आणि फुगली, १४ ते १७ झुणका-भाकरीचं ताट आणि दर. १७ ते २१ मुगभजीचा घाणा झाऱ्यावर निथळताना, २१ ते २४ भजी आणि दर. शेवटचे चार सेकंद गाड्याची पाटी, जागा आणि वेळ. झाले २८ सेकंद.

यात कळीची गोष्ट अशी, की दर फक्त स्थिर ताटलीवर येतो, हलत्या क्लिपवर कधीच नाही. कट ओतताना डोळा कटाकडेच असतो, तिथे लिहिलेला दर फुकट जातो. ताटलीची क्लिप घेताना फोन कशाला तरी टेकवून ठेवा. आणि ती क्लिप दर मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतकी लांब ठेवा.

दिगंबर_सातारा
पण पहिल्या तीन सेकंदांत दर नाही दाखवला तर लोक थांबतील का? लोक दर बघूनच ठरवतात. स्वस्त असेल तर आधी सांगावं.

प्राजक्ता_सांगली
हे मला पटतंय. कॉलेजची मुलं आकडा दिसला की थांबतात.

अवधूत_एडिट
वीस रुपयांत पोटभर असं काही विकत असाल तर आधी दर टाका, हरकत नाही. कटवडा मात्र सगळीकडे मिळतो. तिथे माणूस थांबतो तो तळणाच्या आवाजाने आणि तर्रीने. त्यामुळे मी तरी आधी चव दाखवेन आणि मग दर.

दिगंबर_सातारा
मला नाही पटत, पण असो. दोन्ही करून बघा म्हणावं.

मुग्धा_अक्षरे
दर न वाचता येण्याच्या मूळ प्रश्नाकडे कुणी वळतच नाहीये, म्हणून लिहिते. मी फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करते.

पांढरी अक्षरं पांढऱ्या ताटलीवर, वर वाफ, हे दिसणारच नाही. अक्षराला जाड काळी कड देण्याचा मोह होतो, पण देवनागरीत ती कड अनुस्वार, मात्रा, रफार सगळं गिळते. त्यापेक्षा अक्षरांमागे गडद पट्टी ठेवा, थोडी पारदर्शक चालेल, आणि अक्षर पांढरं किंवा पिवळं. फॉन्ट जाड आणि मोकळा घ्या. मुक्त किंवा बलू दोन्ही फुकट मिळतात आणि छोट्या पडद्यावर छान वाचता येतात. पत्रिकेतली नाजूक वळणदार अक्षरं इथे नकोत.

दोन गोष्टींनी देवनागरी हमखास बिघडते. एक, एडिटिंग अ‍ॅपमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय असते. ती वापरली की शिरोरेखा तुटते आणि 'मुगभजी'ची चार वेगवेगळी अक्षरं होतात. दुसरं, एकेक अक्षर टपटप येणारं अ‍ॅनिमेशन. त्यात 'मिरज' मधली वेलांटी आधी किंवा भलतीकडे येते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. सगळी ओळ एकदम आणा, फार तर हळूच उजळू द्या. कुणी तुम्हाला डीटीपीच्या जुन्या फॉन्टची फाइल दिली तर तीही चालणार नाही, कारण त्यात युनिकोड नसतं. फोनवर मराठी टाइप केलं की चौकोन किंवा भलतंच काही दिसेल. आणि ₹ हे चिन्ह २०१० सालचं आहे, त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं. तिथे सरळ 'रु.' लिहा.

जागा: खालचा सुमारे पाव भाग आणि उजवी कड मोकळी सोडा. रीलमध्ये तिथे नाव, मजकूर आणि बटणं येतात. स्टेटसमध्ये वरच्या कडेला नाव आणि खाली उत्तराची चौकट असते. म्हणून दर मधल्या पट्ट्यात, किंचित वर आणि डावीकडे. ताटली त्याच्या खाली येईल असं चित्र घेतानाच ठरवा, नंतर जागा शोधत बसावं लागत नाही.

स्वाती_मिरज
मुग्धाताई, तुम्ही सांगितलेली टपटप अक्षरंच वापरली होती मी! 'झुणका' खरंच पाय मोडून येत होता. मला वाटलं फोन बिघडला.

आता एक प्रश्न. आकडे ४० असे मराठी लिहायचे की इंग्रजी? मिरजेला दवाखान्यांसाठी कर्नाटकातून खूप माणसं येतात, संध्याकाळी त्यांतली बरीच गाड्यावर असतात.

मुग्धा_अक्षरे
त्यांच्यासाठी इंग्रजी आकडे सोयीचे. शिवाय लहान आकारात मराठी १ आणि ९ गोंधळात टाकतात.

शिरीष_बेळगाव
असहमत. मराठी गाडा, मराठी पदार्थ, आकडेही मराठीच हवेत. कन्नड माणसाला चाळीस रुपये कळण्यासाठी इंग्रजी आकडा लागतो असं नाही, सीमाभागात तो मराठी पाट्या रोज वाचतो.

खानावळवाल्या_काकू
सगळेच नाही वाचत रे. माझ्याकडे विजापूरकडची माणसं येतात, ती बोटाने दाखवून विचारतात.

शिरीष_बेळगाव
मग तोंडी सांगा काकू. व्हिडिओत दादा स्वतः 'चाळीस रुपये' म्हणाला तर आकड्याचा वादच मिटतो.

राजू_ठाणे
माझा अनुभव वेगळाच आहे, दरवाढीचा. आमच्या पावभाजीच्या गाड्याचा व्हिडिओ गेल्या वर्षीचा. बटर महागलं, आम्ही दर वाढवला. व्हिडिओ मात्र लोकांच्या ग्रुपमध्ये फिरतच राहिला. आजही कुणीतरी फोन पुढे करून म्हणतं, 'यात तर कमी लिहिलंय.' स्टेटस आपण काढू शकतो, दुसऱ्याने पुढे पाठवलेलं कसं काढणार? म्हणून मी म्हणतो, व्हिडिओत दर टाकूच नका.

अवधूत_एडिट
राजू, अडचण खरी आहे, पण दर काढून टाकणं हा उपाय नाही. दराच्या पट्टीतच खाली बारीक 'दर ऑक्टोबरपासून' असा महिना लिहायचा. जुना व्हिडिओ दाखवणाऱ्याला तिथेच उत्तर मिळतं.

त्याहून महत्त्वाचं, दर नसलेला पूर्ण व्हिडिओ वेगळा जपून ठेवायचा. बहुतेक जण दर टाकून व्हिडिओ काढतात आणि जागा भरली म्हणून मूळ क्लिपा पुसतात. मग पाच रुपये वाढले की सगळं पहिल्यापासून. फोनच्या अ‍ॅपमध्ये प्रोजेक्ट ठेवला तरी मूळ क्लिप गॅलरीतून पुसली की तिथे काळा चौकोन येतो.

मी गिऱ्हाइकांना असं करून देतो: दर नसलेला व्हिडिओ, आणि प्रत्येक दराचं १०८० बाय १९२० मापाचं पारदर्शक पीएनजी चित्र. दर बदलला की फक्त ते चित्र बदलायचं. घरी संगणक असेल तर ffmpeg या प्रोग्रॅमला एक ओळीचा आदेश देऊन कटवड्याचा दर सातव्या ते दहाव्या सेकंदात असा बसतो:

```
ffmpeg -i mool.mp4 -i katvada.png -filter_complex "overlay=0:0:enable='between(t,7,10)'" -c:a copy navin.mp4
```

अक्षरं चित्रातच असल्याने जोडाक्षरं बिघडायचा प्रश्न उरत नाही. संगणक नसेल तर फोनच्या अ‍ॅपमध्येही तेच पीएनजी वरच्या थरात टाकता येतं.

राजू_ठाणे
महिना लिहायची कल्पना चांगली आहे. तरी भांडणारा भांडतोच. मी दर न टाकण्यावर ठाम आहे.

सुनंदा_नाशिक
क्लिपा निवडताना एक बघा. भजी वर्तमानपत्राच्या कागदावर दिलेली दिसत असेल तर ती क्लिप वापरू नका. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला बंदी आहे, शाईमुळे. व्हिडिओ म्हणजे आपणच दिलेला पुरावा.

दिगंबर_सातारा
सगळेच देतात. रद्दीवरच्या भजीची चवच निराळी.

सुनंदा_नाशिक
सगळेच देतात म्हणून शाई पोटात जायची थांबत नाही, दिगंबरराव. द्रोण किंवा साधा कोरा कागद घ्या, चित्रातही तोच छान दिसतो. छापील मजकूर मागे आला की डोळा तो वाचायला लागतो आणि भजी राहते बाजूला. शिवाय गिऱ्हाइकांचे चेहरे, विशेषतः लहान मुलांचे, विचारल्याशिवाय घेऊ नका.

खानावळवाल्या_काकू
वाफेचं कुणी बोललं नाही. गरमपणा वाफेतून दिसतो. पण आमच्याकडे घेतली की वाफ दिसतच नाही.

प्राजक्ता_सांगली
काकू, उजेड ताटलीच्या मागून किंवा बाजूने हवा आणि मागे काहीतरी गडद हवं. समोरून उजेड टाकला की वाफ गायब. आणि ताटली वाढल्यावर लगेच घ्या, कॅमेरा आधीच चालू ठेवून. कढईजवळ घेत असाल तर लेन्स प्रत्येक वेळी मऊ फडक्याने पुसा. तेलाचा हलका थर बसला की दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि आपण उगाच फोनला दोष देतो. तेलाजवळ फोन न्यायचाच नाही, लांबून दुप्पट झूमची लेन्स वापरायची.

चिन्मय_डोंबिवली
संगीत कोणतं टाकणार? मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, तंबोऱ्यावर वडा तळा. :)

अवधूत_एडिट
चिन्मय, संगीताबद्दल एक आहेच. धंद्याच्या खात्याला चित्रपटगीतं वापरायची मुभा सहसा नसते. खातं 'बिझनेस' केलं की बरीच गाणी यादीतून जातात, आणि बाहेरून चिकटवलेलं गाणं असेल तर आवाज बंद होऊ शकतो. तेलाचा चर्रर्र, भाकरी थापल्याचा आवाज, झाऱ्याची खणखण हे फुकट आहे आणि तुमचंच आहे. फक्त हे आवाज वेगळे घ्या. गाडा लावायच्या आधी, रस्ता शांत असताना, फोन कढईपासून हातभर लांब धरून.

स्वाती_मिरज
मंडळी, काल दादाकडे जाऊन पुन्हा क्लिपा घेतल्या. ताटल्या दिवसाउजेडी, मागे गाड्याचा काळा पत्रा. वाफ दिसली! तळणाच्या क्लिपा रात्री घ्याव्या लागल्या. बॅटरीच्या दिव्याला १/५० ला पट्टे होतेच, शटर सरकवत गेले तेव्हा १/१०० च्या जवळपास थांबले. शेजारच्या ट्यूबचा हलका पट्टा कोपऱ्यात अजून दिसतो.

दादा तीन पदार्थांवर राजी झाला, पण चहाचा दर हवाच म्हणतो. आकड्यांचं ठरलेलं नाही. वहिनी मराठी म्हणते, दादा इंग्रजी.

अवधूत_एडिट
कोपऱ्यातल्या पट्ट्यासाठी क्लिप किंचित मोठी करून तो कोपरा फ्रेमबाहेर घालवा. किंवा शेजारच्यांना दहा मिनिटं ट्यूब बंद ठेवायची विनंती करा, बदल्यात कटवडा द्या. चहा शेवटच्या चार सेकंदांत, पाटीच्या क्लिपमध्ये एका ओळीत बसेल.

मुग्धा_अक्षरे
व्हिडिओ झाला की घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, उन्हात, हात लांब करून बघा. पडद्याचा उजेड निम्मा ठेवा. दर तिथे वाचता आला तरच पाठवा. आकडे दोन्ही प्रकारे करून दादा-वहिनींना तिथेच दाखवा, कोणते वाचता येतात ते त्यांनाच कळेल.

शिरीष_बेळगाव
वहिनींना माझा पाठिंबा नोंदवा.

स्वाती_मिरज
नोंदवला. :) शेवटचं एक: मी सांगलीत एडिट करून दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तिकडे धुरकट दिसतो. इथे छान दिसतो.

राजू_ठाणे
व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबतं. जोडणीतून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. दादाने ती उतरवून घेऊन मग स्टेटसला लावायची. स्टेटसला थोडा दबेलच, पण दोनदा दबणार नाही.